दोघींच्या दोन आठवणी

«मी हौसेने कथा लिहिते. अलीकडची कथा शैला आणि वसुधा या दोन वर्गमैत्रिणींची आहे. दहावीत असताना सहलीची वर्गणी जमा करण्याचे काम वसुधाकडे होते. पैशांचे पाकीट हरवले, वसुधाला सगळ्या वर्गापुढे उभे केले गेले आणि तिचे वर्गप्रमुखपद गेले. ते पाकीट शैलाच्या नकाशांच्या पुस्तकात राहिले होते. त्या दिवशी शाळा सुटता सुटता ते तिच्या लक्षात आले. पण घाबरून ती गप्प राहिली आणि दोन दिवसांनी तिने ते गुपचूप वर्गाच्या कपाटात ठेवले. तीस वर्षांनी शाळेच्या स्नेहमेळाव्यात दोघी भेटतात, शैला कबुली देते, वसुधा क्षमा करते. दोन मासिकांनी कथा परत केली. एका संपादकांनी लिहिले, ‹भाषा चांगली आहे, पण ही आठवण झाली, कथा नाही.› आमच्या लेखनगटात कुणी म्हणते, शाळेचा भाग वाढवा. कुणी म्हणते, वसुधाने क्षमा नाकारावी म्हणजे शेवटी धक्का बसेल. मूळ प्रसंग माझ्याच वर्गात घडलेला असल्याने ती धास्ती वेगळीच आहे. काय करू?»
— कथा सोबत पाठवणारी एक वाचक

तुमची कथा मी दोनदा वाचली आणि दुसऱ्यांदा वाचताना हातात दोन रंगांच्या पेन्सिली घेतल्या. शाळेच्या दिवसांतील मजकुराखाली निळी रेघ ओढली आणि मेळाव्याच्या दिवशी घडणाऱ्या मजकुराखाली तांबडी. कथा सुमारे 3,000 शब्दांची आहे. त्यांपैकी 1,850 शब्द निळे निघाले. उरलेल्या 1,150 शब्दांपैकी 600 शब्द सभागृह, सजावट, कुणाचे केस गेले आणि कुणाचे वजन वाढले यांत खर्च झाले आहेत. शैला आणि वसुधा प्रत्यक्ष समोरासमोर आहेत त्या केवळ 550 शब्दांत, म्हणजे कथेच्या पाचव्या भागापेक्षाही कमी जागेत. संपादकांना काय खटकले असावे, याचा अंदाज एवढ्यावरूनच येतो. तुम्ही भेटीची कथा लिहायला बसलात आणि भेट मात्र शाळेच्या गोष्टीला जोडलेल्या पुरवणीएवढीच उरली.

म्हणून शाळेचा भाग वाढवण्याचा सल्ला मी बाजूला ठेवीन. त्या सल्ल्यामागे असे गृहीत आहे, की वाचकाला मैत्री आधी पुरती समजली पाहिजे, मगच भेटीचा परिणाम होईल. अनुभव बहुधा उलटा असतो. समोर उभ्या असलेल्या दोन बायका एकमेकींशी काहीशा अवघडून बोलत आहेत असे दिसले, की पूर्वी काय झाले असेल हे वाचक आपणहून विचारू लागतो, आणि विचारणाऱ्याला दोन वाक्यांत सांगितलेलेही पुरते. तुम्ही मात्र त्याने विचारण्यापूर्वीच सगळे सांगून टाकले आहे.

क्षमा नाकारण्याच्या सूचनेबद्दल मला थोडे जास्त बोलायचे आहे. शेवट बदलला तर कथा बदलेल असे तिच्यात गृहीत आहे. वसुधाने क्षमा केली काय आणि नाकारली काय, दोन्ही शेवटांत तिचे काम एकच राहते: न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून निकाल देणे. तिला स्वतःचे काहीच नाही. ती त्या संध्याकाळी मेळाव्याला का आली, कुणाला शोधत होती, कुणाला टाळत होती, यांपैकी एकही गोष्ट तुमच्या मसुद्यात सापडत नाही. शैलाच्या मनातील ओझे उतरवून घ्यायला जणू तिला तेथे आणून उभे केले आहे.

आणि याच्याही मुळाशी एक गृहीतक आहे, ज्याकडे तुमचे लक्ष गेले नसावे. तुमच्या मसुद्यात शैला म्हणते, “ते सहलीचं पाकीट…” आणि वसुधाला लगेच सगळे कळते. तीस वर्षे दोघींनी तोच प्रसंग, त्याच क्रमाने, त्याच अर्थाने जपून ठेवला आहे असे तुम्ही धरून चालला आहात. असे सहसा होत नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी 1932 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इंग्लंडमधील वाचकांना उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक अपरिचित लोककथा वाचायला दिली आणि काही काळाने ती आठवून पुन्हा लिहायला सांगितली. कथेतील ‘कनू’ अनेकांच्या लेखी साधी बोट झाली आणि सीलच्या शिकारीची मासेमारी झाली. जे ओळखीचे नव्हते ते ओळखीच्या साच्यात बसले, आणि हे कुणी जाणूनबुजून केले नव्हते. शैलाने तो प्रसंग तीस वर्षे अपराधाच्या साच्यात ठेवला असेल. वसुधाने कोणत्या साच्यात ठेवला, हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारलेला नाही, आणि माझ्या मते तुमची कथा त्या प्रश्नाच्या पलीकडे वाट पाहत बसली आहे.

उत्तरे तीन संभवतात. पहिले, वसुधा तो प्रसंग साफ विसरली आहे. हे पहिल्यांदा सुचते आणि चतुर वाटते. पण त्यात शैला फार स्वस्तात सुटते. तीस वर्षांचे ओझे फुकाचे होते एवढाच विनोद हाती लागतो आणि वाचक किंचित हसून पान उलटतो. दुसरे, वसुधाला पहिल्यापासून सगळे ठाऊक होते. असे शेवट संपादकांच्या टपालात इतके येतात, की तिसऱ्या परिच्छेदातच त्याचा वास लागतो. शिवाय ठाऊक असूनही ती तीस वर्षे गप्प का राहिली, याचे पटणारे कारण तुम्हाला उभे करावे लागेल, आणि मग कथा वसुधाची होईल. ते वाईट नाही, पण ती वेगळी कथा आहे.

तिसरे उत्तर असे, की वसुधाला तो दिवस नीट आठवतो, पण निराळा. वर्गापुढे उभे केल्याचे तिलाही आठवते. मात्र तिच्या आठवणीचा गाभा तो नाही. शाळा सुटल्यावर सगळ्या मुली तिला टाळून पुढे निघून गेल्या, आणि एकटी शैला फाटकाशी थांबली, तिच्याबरोबर घरापर्यंत चालत आली, हे तिने जपले आहे. तुमच्या मसुद्यात चौथ्या पानावर हे चालणे एका ओळीत येऊन जाते: ‘त्या दिवशी दोघी न बोलता घरी गेल्या.’ या ओळीपाशी मी थांबलो, कारण तुमच्याच क्रमाने पाहिले तर त्या वेळी पाकीट शैलाच्या दप्तरात होते. एक मुलगी पाकीट खांद्यावर घेऊन चालते आहे, आणि दुसरी मुलगी आज एक तरी माणूस माझ्या बाजूने आहे असे मानून तिच्याशेजारी चालते आहे. तुमच्या हाती असलेला ऐवज तोच आहे, आणि तो तुम्ही सात शब्दांत उरकला आहे.

आता मेळाव्यातील भेट या दृष्टीने पाहा. वसुधा आली आहे ती तीस वर्षांनी शैलाचे आभार मानायला. शैला आली आहे कबुली द्यायला. वसुधाने आधी बोलायला सुरुवात केली, तर शैलापुढे एक खरी अडचण उभी राहते, आणि ती भूतकाळातील नसून याच संध्याकाळची आहे. खरे सांगितले, तर ती वसुधाची एक चांगली आठवण कायमची मोडते. गप्प राहिली, तर जे आभार तिचे नाहीत ते घेऊन घरी जाते, म्हणजे ते पाकीट दुसऱ्यांदा दप्तरात घालते. संपादक ‘आठवण’ आणि ‘कथा’ यांत जो फरक करीत होते, तो मला येथे दिसतो. आठवणीत जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. या अडचणीत मात्र काय होणार ते शैलालाही ठाऊक नाही.

अशी भेट लिहिताना मराठीने तुमच्या हाती एक साधन दिले आहे, आणि तुम्ही ते वापरलेले नाही. तुमच्या मसुद्यात दोघी समोर येताच “अगं, तू!” म्हणून गळ्यात पडतात. तीस वर्षे न भेटलेल्या, एकमेकींच्या संसाराची काही कल्पना नसलेल्या दोन बायका पहिल्या वाक्याला ‘तू’ म्हणतीलच असे नाही. पुष्कळदा ‘तुम्ही’ने सुरुवात होते, मध्येच कर्ता गाळून वेळ मारून नेली जाते आणि मग कुणीतरी एकजण धीर करून ‘तू’वर येते. ती कोण आणि नेमक्या कोणत्या वाक्यात, हे ठरवणे म्हणजे अर्धी भेट लिहिणे आहे. नमुन्यादाखल मी या ओळी लिहून पाहिल्या:

“तुम्ही शैला ना? दुसरा बाक, खिडकीकडचा.”

“हो. आणि तुम्ही…” शैलाने छातीवरच्या नावाच्या पट्टीकडे पाहिले. आडनाव अनोळखी होते.

“वसुधा. आडनाव वाचू नकोस, गोंधळशील.”

‘नकोस’ या एका क्रियापदाने वसुधा तीस वर्षे ओलांडून आली आहे आणि शैला अजून पलीकडेच उभी आहे. आता शैलाला ‘तू’ म्हणणे जड जाते आहे हे तुम्हाला वेगळे सांगावे लागणार नाही, पुढच्या दोन-तीन वाक्यांत ती “कधी आलात?” की “कधी आलीस?” यांत अडखळेल आणि “येऊन बराच वेळ झाला का?” असे विचारून दोन्ही चुकवील. तुमच्या मसुद्यात ‘शैलाला अपराधी वाटत होते’ हे वाक्य चार वेळा आले आहे. ते चारही ठिकाणी खोडता येईल.

शाळेचा जो थोडा भाग ठेवाल, त्याच्या क्रियापदांकडेही एकदा पाहा. ‘ती आली होती, तिने विचारले होते, बाई रागावल्या होत्या, सगळ्या हसल्या होत्या’ अशी ‘होती-होत्या’ची माळ तुमच्याकडे दीड पानभर चालते, आणि प्रत्येक वाक्य वाचकाला हे फार पूर्वीचे आहे अशी पुन्हा पुन्हा आठवण करून देते. एवढ्याची गरज नसते. मागे जाताना पहिल्या एक-दोन वाक्यांत ‘होते’ ठेवावे, म्हणजे दार उघडल्याची खूण पटते. त्यानंतर साधा भूतकाळ चालू द्यावा: ‘बाई रागावल्या. सगळ्या हसल्या.’ जे रोज घडत असे त्यासाठी ‘ती येई, बसे, उसासे टाकी’ ही जुनी रूपे आजही चालतात, मात्र ती सलग चार-पाचांहून अधिक आली की मजकुराला दरबारी वळण येते. परत सभागृहात यायचे तेव्हा ‘भानावर येऊन शैलाने पाहिले’ असे लिहू नका. वसुधाला काहीतरी बोलू द्या, की वाचक आपोआप परत येतो.

एक हिशेब मात्र तातडीने दुरुस्त करा. दहावीतील मुलगी पंधरा-सोळा वर्षांची असते. तीस वर्षांनी ती पंचेचाळीस-शेहेचाळीसची होते. तुमच्या मसुद्यात वसुधाचे हात थरथरतात, केस पांढरेशुभ्र आहेत आणि दोघी ‘आयुष्याच्या संध्याकाळी’ भेटतात. ‘तीस वर्षांनी’ हे शब्द लिहिताना पात्रे एकदम सत्तरीत ढकलण्याचा हा मोह मी अनेक कथांत पाहिला आहे. (स्वतःच्या एका जुन्या कथेतही पाहिला आहे, आणि ती छापून आल्यावर पाहिला.) पंचेचाळिशीतील बाई दिवसाच्या ऐन मध्यावर असते: मुलांच्या परीक्षा, आईवडिलांची आजारपणे, अर्ध्यावर आलेली नोकरी. हा हिशेब कथेला उपयोगी पडेल, कारण वसुधाला कदाचित आता त्याच वयाची मुलगी असेल. ती मुलगी नुकतीच वर्गात एकटी पडली असेल. त्या रात्री वसुधाने तिला शैलाची गोष्ट सांगितली असेल. असे असेल, तर कबुलीची किंमत आणखी वाढते: ती आठवण आता एकट्या वसुधाची उरलेली नाही, तिने ती पुढे दिली आहे. मेळाव्याला येण्याचे तिचे कारणही त्यातच मिळते. हे सारे लिहायला चार वाक्ये लागतील. त्याहून अधिक जागा देऊ नका, नाही तर मुलीची कथा सुरू होईल.

मूळ प्रसंग खरा असल्याच्या धास्तीबद्दल. नाव आणि गाव बदलल्याने फारसे साधत नाही; तुमच्या वर्गातील कुणीही पाकीट आणि कपाट यांवरून तो प्रसंग क्षणात ओळखील. वस्तू बदला, कामाचे स्वरूप बदला, आणि घडण तेवढी ठेवा: एकीवर आळ आला, दुसरीकडे खुलासा होता, ती गप्प राहिली. वर सुचवलेली वसुधाची आठवण तर संपूर्ण कल्पित आहे, त्यामुळे ती वर्गमैत्रीण आणि ही वसुधा यांत बरेच अंतर पडेल. तरीही एक प्रश्न उरतो, आणि तो मला विचारलाच पाहिजे. त्या प्रसंगातील शैला तुम्ही स्वतः असाल, तर छापून आलेली कथा ही माफी ठरत नाही. ती तुमच्या मैत्रिणीला अनोळखी माणसांच्या रांगेत उभी राहून वाचावी लागते, आणि तिला उत्तर द्यायला तेथे जागा नसते. तिच्याशी बोलायचे असेल तर ते कथा पाठवण्यापूर्वी, दोघींतच आणि या कथेचा उल्लेख न करता बोला. तुम्ही शैला नसाल, नुसत्या पाहणाऱ्या असाल, तर बदल करून कथा पाठवायला मला हरकत दिसत नाही.

आता शेवट. नव्या मांडणीत शैलाने सांगावे की सांगू नये, यावर मी बराच विचार केला. न सांगण्याचा शेवट सुबक होतो: छायाचित्रासाठी सगळ्या उभ्या राहतात, वसुधा तिला ओढून शेजारी घेते, शैला हसते. तो वाईट नाही, पण त्यात तिचे गप्प राहणे आपल्याला आधीच माहीत असलेलेच ठरते. ती दहावीतही गप्पच राहिली होती. तिने सांगावे असे माझे मत पडते. मात्र तुमच्या मसुद्यातील दीड पानाचे निवेदन, अश्रू आणि ‘मन पिसासारखे हलके झाले’ हे सारे काढून टाकावे लागेल. कबुली दोन वाक्यांची असू द्या, आणि ती देताना शैलाची जीभ पुन्हा ‘तुम्हाला’वर घसरू द्या. मध्ये कुणी हाक मारते, पाणी आणणारा मुलगा येतो, फोन वाजतो असला अडथळा घालू नका; कठीण वाक्य चुकवायला लेखकाने काढलेली ती पळवाट असते आणि वाचकाला ती दिसते.

त्यानंतर वसुधाने क्षमा करू नये आणि नाकारूही नये. अशा वेळी माणसे आधी निकाल देत नाहीत. ती आपल्या आठवणीत परत जाऊन एखादा तपशील ताडून पाहतात. वसुधाही त्या रस्त्यावर परत जाईल, शाळेच्या फाटकापासून घरापर्यंत, आणि शेजारी चालणाऱ्या मुलीच्या खांद्यावरील दप्तराकडे पहिल्यांदाच पाहील. तिने एवढेच विचारावे:

“म्हणजे घरी येताना ते तुझ्याजवळ होतं?”

शैलाचे उत्तर लिहू नका. या प्रश्नानंतर तुमच्याकडे सध्या जे सव्वा पान आहे, त्यातील काहीही मला राखावेसे वाटले नाही, आणि त्यात तुमचे ते आवडते शेवटचे वाक्यही आले.